आई-वडिलांसाठी घरी मदतनीस ठेवताना: ओळख कशी पडताळायची, कामं कशी ठरवायची

मदतनीस शोधायची वेळ बहुतेकांवर एकदम येते. डॉक्टर म्हणतात, ‘परवा डिस्चार्ज देऊ’, आणि मग वॉर्डातल्या मावशींना विचारणं, ब्यूरोला फोन लावणं, ओळखीतल्यांना मेसेज टाकणं सुरू होतं. त्या गडबडीत दोन गोष्टी हमखास निसटतात. मोबाइलवर आलेला आधारचा फोटो एकीचा आणि दारात उभी दुसरीच, हे कुणी ताडून बघत नाही. आणि कामाबद्दल बोलणं होतं ते एवढंच: ‘आजींचं सगळं करायचं.’ पुढे जी भांडणं होतात, त्यातली बरीचशी या ‘सगळं’ शब्दातून निघतात.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू. आजी ७८ वर्षांच्या. पडून खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला, आता वॉकरवर चार पावलं टाकतात. आजोबा ८२ वर्षांचे, हिंडते-फिरते, पण गोळी घेतली की नाही हे त्यांच्या लक्षात राहत नाही. मुलगा आणि सून सकाळी नऊला बाहेर पडतात, रात्री आठला येतात.

१. आधी आजींचा दिवस कागदावर उतरवा

माणूस शोधण्याआधी दोन दिवस वही घेऊन बसा आणि आजींना कधी, कशासाठी, किती मदत लागली ते लिहा. ‘अंघोळ’ एवढं लिहून भागणार नाही. ‘खुर्चीवर बसून, पाठ आणि पाय दुसऱ्याने धुवायचे, उठताना धरायचं, वीस मिनिटं’ असं लिहा. आपल्या उदाहरणातल्या घराची वही साधारण अशी भरेल:

- सकाळी ७: पलंगावरून उठवून वॉकरने संडासापर्यंत. कमोडवर उंच सीट बसवलेली आहे. बाहेर एकीने थांबायचं.
- ८.३०: नाश्ता, गोळ्या.
- १०: अंघोळ, कपडे. जखमेची पट्टी ओली होऊ द्यायची नाही.
- ११.३०: फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, पंधरा मिनिटं. शेजारी बसून करून घ्यायचे.
- १ ते ४: जेवण, झोप. या वेळात दोनदा लघवीला उठतात.
- ५: वॉकरने हॉलमध्ये फेऱ्या.
- ८: जेवण, गोळ्या.
- रात्री: साधारण दोनदा उठतात.

या वहीतून तीन गोष्टींचा निकाल लागतो. पहिली, कोण हवं? जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची नळी बदलणं ही कामं नोंदणीकृत नर्सची. आया किंवा अटेंडंट अंघोळ, स्पंजिंग, डायपर, चालवणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं एवढं करते. धुणं-भांडी करणारी बाई वेगळी. आपल्या आजींना नर्स लागत नाही. आठवड्यातून एकदा ड्रेसिंगपुरती येऊन गेली की पुरे, बाकी दिवसभर आया हवी. ब्यूरोवाले फोनवर सर्रास ‘सिस्टर पाठवतो’ म्हणतात, तेव्हा सिस्टर म्हणजे नेमकी कोण, हे विचारा. खरी नर्स असेल तर तिच्याकडे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक असतो.

दुसरी गोष्ट पाळीची. रात्री एखादवेळ उठणं होत असेल तर चोवीस तास राहणारी बाई निभावून नेते. रात्रीतून तीन-चारदा उठावं लागत असेल तर तीच बाई दिवसा पेंगणार, आणि वॉकरवरच्या आजींच्या शेजारी पेंगणारं माणूस म्हणजे पुन्हा पडणं. तिथे रात्रपाळीला वेगळी व्यक्ती लागते, नाहीतर घरच्यांनी रात्र वाटून घ्यायची. उदाहरणातल्या घरी सकाळी आठ ते रात्री आठ बाई आणि रात्री मुलगा-सून, असं जमतं. सातचं उठणंही मग घरच्यांकडेच येतं.

तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात: वजन. आजी साठ किलोच्या आणि आया पंचेचाळीस किलोची असेल तर आधार द्यायला ती कमी पडेल. मुलाखतीआधी हे फोनवरच सांगून टाका.

२. ब्यूरोला फोन करताना

‘आमच्याकडच्या सगळ्या बायका व्हेरिफाइड आहेत’ हे वाक्य प्रत्येक ब्यूरो म्हणतो. त्याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच की आधारची झेरॉक्स त्यांच्या फाइलला लागली आहे. म्हणून हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.

पडताळणी म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत आणि कधी? आम्ही दर महिन्याला देतो त्यातले बाईच्या हातात किती पडतात? ती सुट्टीवर गेली तर बदली कोण पाठवणार, आणि तिचे कागद आम्हाला आधी मिळणार का? पहिल्या पंधरा दिवसांत जमलं नाही तर नोंदणीच्या पैशांचं काय?

दुसरा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण विचाराच. ब्यूरो मोठा वाटा कापून घेत असेल तर बाई दोन-तीन महिन्यांत जास्त पैशांचं घर शोधणारच, आणि आजींना पुन्हा नव्या हातांची सवय करावी लागणार. बदलीचा प्रश्न तर सगळ्यात महत्त्वाचा. चांगल्या पडताळलेल्या मावशी गावी गेल्या आणि त्यांच्या जागी सकाळी आठला कुणीतरी अनोळखी दारात उभी राहिली, हा प्रकार फार होतो. घरच्यांना ऑफिसची घाई असते, ते दार उघडून निघून जातात.

३. ओळख: कागद आणि समोरचं माणूस जुळवा

कामाच्या पहिल्या दिवशी हे करू नका. त्या दिवशी ‘नाही’ म्हणायची तुमची हिंमत होणार नाही, कारण आजी आत पलंगावर वाट बघत असतात. आदल्या दिवशी अर्ध्या तासाची भेट ठरवा. मागायच्या गोष्टी अशा:

- आधार कार्ड मूळ किंवा मोबाइलवरचं, आणि दुसरं कोणतंही एक ओळखपत्र (मतदार ओळखपत्र, पॅन, रेशन कार्डावरचं नाव)
- सध्या राहते तो पत्ता आणि तिथल्या घरमालकाचा किंवा शेजारणीचा नंबर
- गावाकडचा पत्ता आणि जवळच्या दोन नातेवाइकांचे नंबर
- आधीच्या दोन घरांचे नंबर
- भेटीच्या वेळी तुम्ही स्वतः काढलेला फोटो

आधारवरचा क्यूआर कोड सही केलेला असतो. म्हणजे त्यातली माहिती कुणी बदलली तर सरकारी अ‍ॅप ती मान्य करत नाही. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून उपयोग नाही, नुसते आकडे दिसतील. यूआयडीएआयच्याच अ‍ॅपने स्कॅन करा. स्क्रीनवर नाव, जन्मतारीख आणि पत्ता येतो. कार्डावर छापलेल्या मजकुराशी तो अक्षरन् अक्षर ताडा. बनावट कार्डात नेमका इथे घोळ असतो: कोड एका खऱ्या कार्डाचा उचललेला आणि वरचं नाव-फोटो दुसऱ्याचं. फार जुन्या कार्डाच्या कोडमध्ये फोटो नसतो, तेव्हा छापलेला फोटो आणि समोरचा चेहरा यावरच भागवावं लागतं. दुसरं ओळखपत्र मागायचं कारण हेच.

कोड पुसट असेल तर myaadhaar.uidai.gov.in वर Check Aadhaar Validity असा पर्याय आहे. बारा आकडे टाकले की वयोगट, स्त्री की पुरुष, राज्य आणि नोंदलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तीन आकडे तिच्या फोन नंबरशी जुळले तर चांगलंच. जुळले नाहीत म्हणून लगेच खोटं समजू नका, नंबर बदलणं नेहमीचं आहे. ‘आधी कोणता नंबर होता?’ एवढं विचारा.

नावाचंही तसंच. आधारवर माहेरचं नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं, आणि सगळे हाक मारतात ती तिसऱ्याच नावाने, असं असंख्य बायकांचं असतं. लबाडीची खूण वेगळी असते. मूळ कार्ड दाखवायला तीनदा टाळाटाळ, फक्त अंधुक फोटो पाठवणं, गावचं नाव विचारल्यावर तालुका न सांगता येणं. चेहरा ताडताना ‘बघू’ म्हणून संशयाने डोळे रोखू नका. ‘ताई, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचे कागद असेच बघतो, आमचेही तुम्ही बघा’ असं म्हणा आणि तुमचा पत्ता, तुमचं नाव, घरात कोण कोण असतं हे तिलाही लिहून द्या. अनोळखी घरात बारा तास ती एकटी राहणार आहे. तिलाही तुमची खात्री हवी असते.

मूळ कार्ड कधीही ठेवून घेऊ नका. ‘काम सोडताना देऊ’ हा अनेक घरांचा प्रघात आहे, पण दुसऱ्याची कागदपत्रं अडकवून ठेवायचा हक्क आपल्याला नाही. झेरॉक्स ठेवायची तर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली ठेवा, आणि ती सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. वय अठराच्या वर आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर आजींची जबाबदारी टाकणंही कुणाच्या हिताचं नाही.

पोलिसांकडची नोंद. जवळच्या पोलिस ठाण्यात घरकामगाराची माहिती देता येते. फॉर्म, तिचा फोटो, ओळखपत्राची प्रत, दोन्ही पत्ते. अर्ज दिल्याची पोच घ्या. याचा उपयोग दोन अंगांनी होतो. तिची नोंद ठाण्यात आहे हे तिला आणि ब्यूरोला माहीत असतं, आणि काही घडलंच तर शोध सुरू करायला माहिती हाताशी असते. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. पडताळणीत ‘काही आढळलं नाही’ याचा अर्थ पोलिसांच्या नोंदीत तिच्या नावावर गुन्हा दिसला नाही, एवढाच. ती आजींशी कशी वागेल ते पोलिसांचा कागद सांगत नाही.

४. आधीच्या घरी फोन, आणि तो खरा आहे का

वागणूक कळायला आधीचं घर हाच एक रस्ता. पण दिलेला नंबर खरोखर आधीच्या मालकिणीचाच आहे का? बऱ्याचदा तो बहिणीचा निघतो, किंवा ब्यूरोतल्याच कुणाचा. ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘मावशी कशा आहेत?’ असं विचारू नका, ‘छान आहेत’ एवढंच उत्तर येतं. घरात राहिलेल्या माणसालाच सांगता येईल असं विचारा.

‘तुमच्या आजोबांना काय झालं होतं? त्यांना अंघोळ बसून घालत होते की पलंगावर स्पंजिंग?’ ‘सकाळी पहिलं काम काय असायचं?’ ‘मावशी येण्याआधी कोण होतं?’ ज्यांच्या घरी खरंच आजारी माणूस होतं ते सांगायला लागले की थांबत नाहीत. ठरवून बोलणारे चाचरतात किंवा ‘तेच की, सगळं करायच्या’ यावर येऊन थांबतात. महिने विचारा आणि मावशींनी सांगितलेल्या महिन्यांशी ताडा. एक-दोन महिन्यांचा फरक चालतो, पण मध्ये वर्ष गळत असेल तर ते वर्ष कुठे गेलं ते विचारा. उत्तर साधं असू शकतं, बाळंतपण, घरचं आजारपण.

शेवटचा प्रश्न: ‘पुन्हा गरज पडली तर त्यांनाच बोलवाल का?’ इथे उत्तराआधीची शांतता ऐका. कुणी क्षणभर थांबून ‘हो… बोलवू’ म्हणालं तर ‘काय जमत नव्हतं?’ हे विचारायला जागा मिळते. ‘मोबाइल फार’ असं उत्तर आलं तर बोलून सुटण्यासारखं आहे. ‘आईला ओरडायच्या’ असं आलं तर तिथेच थांबा.

५. कामाचा कागद

आता पहिल्या पायरीची वही काढा आणि तिच्यावरून एक पानभर कागद तयार करा. स्टॅम्पपेपरची गरज नाही. साध्या मराठीत (किंवा तिला वाचता येईल त्या भाषेत) तीन भाग करा: रोजची कामं, लागेल तेव्हाची कामं, आणि जी कामं तिची नाहीत ती. तिसरा भाग लिहायचा टाळला जातो आणि वाद तिथेच होतात. उदाहरणातल्या घरासाठी कागद असा होईल:

*रोज:* आजींची अंघोळ, कपडे, संडास-लघवीला नेणं. सांगितलेले व्यायाम करून घेणं. आजींचं जेवण गरम करून देणं आणि त्यांचं ताट-वाटी धुणं. डबीतल्या गोळ्या दोघांना वेळेवर देणं. आजींचे कपडे मशीनला लावणं. आजींची खोली आणि संडास-बाथरूम कोरडं ठेवणं.

*लागेल तेव्हा:* दवाखान्यात सोबत. चादर बदलणं. फिजिओथेरपिस्ट आल्यावर शेजारी थांबून नवे व्यायाम शिकून घेणं.

*मावशींचं काम नाही:* घराचा केर-फरशी, सगळ्यांचा स्वयंपाक, पाहुण्यांची उठबस, नातवंडांना सांभाळणं, बँकेची आणि एटीएमची कामं, इंजेक्शन आणि ड्रेसिंग.

‘आजी झोपलेल्या असतात तेव्हा बसूनच तर असते, चार भांडी घासली तर काय बिघडलं?’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. बिघडतं असं: हात साबणात असताना आजी आपल्या आपण उठायला जातात. शिवाय दुपारचा तो तास तिच्या विश्रांतीचा आहे, आणि बारा तासांच्या पाळीत तो लागतोच. जादा काम हवंच असेल तर ते आधी ठरवा, त्याचे वेगळे पैसे ठरवा आणि कागदावर लिहा.

कामं कशी करायची हेही जिथे धोका आहे तिथे लिहा. आपल्या आजींच्या बाबतीत उठवण्याची पद्धत हे सगळ्यात नाजूक काम आहे. खुब्याच्या अशा ऑपरेशननंतर डॉक्टर सहसा काही आठवडे पथ्य सांगतात: कमरेतून काटकोनापलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. तुमच्या डॉक्टरांनी काय आणि किती दिवस सांगितलं आहे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मग उठवणं असं होतं: आजी पलंगाच्या कडेला सरकतात, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, दोन्ही हात गादीवर दाबून उठतात, उभं राहिल्यावर वॉकर धरतात. वॉकर ओढून उठायला गेलं तर तो अंगावर कलंडतो. मावशींनी ऑपरेशनच्या बाजूला उभं राहून कमरेपाशी आधार द्यायचा. काखेत हात घालून उचलायचं नाही, त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि उचलणारीची पाठ धरते. खाली बसकी खुर्ची, सोफा बंद. हे फिजिओथेरपिस्टकडून मावशींना आणि तुम्हाला एकत्रच दाखवून घ्या, म्हणजे ‘आम्ही असंच उठवतो’ आणि ‘आमच्या घरी असं’ हा वाद राहत नाही.

कागदावर आजींचाही आवाज हवा. अंघोळ सकाळीच हवी, पुरुषासमोर कपडे बदलायचे नाहीत, टीव्हीचा आवाज मोठा नको, हे त्यांना विचारून लिहा. ज्यांची सेवा होणार आहे त्यांनाच न विचारता सगळं ठरवलं की चौथ्या दिवशी आजी म्हणतात, ‘मला ही बाई नको.’ मावशी चांगल्या असतात, चूक ठरवणाऱ्यांची असते.

६. गोळ्यांची डबी

औषधाचा हिशेब मावशींवर सोडू नका. सात दिवस आणि चार वेळा अशी अठ्ठावीस खणांची डबी मिळते. आजींची एक, आजोबांची वेगळ्या रंगाची दुसरी. दर रविवारी घरातल्या एकाच माणसाने चिठ्ठी बघून दोन्ही भरायच्या. मावशी त्या-त्या खणातलं द्यायचं काम करतील, पाकीट फोडायचं नाही. बाकीची पाकिटं कपाटात कुलपात, कारण विसराळू आजोबा दुपारी पुन्हा गोळी शोधायला जातात.

एक साधी वही डबीशेजारी ठेवा: वेळ, दिली की नाही, नाही तर का. ‘आजींना उलटी झाली म्हणून दुपारची दिली नाही’ असं लिहिलेलं हवं. पुढच्या रविवारी डबी भरताना खण बघा. बुधवारच्या दुपारच्या खणात गोळी पडून आहे आणि वहीत ‘दिली’ लिहिलं आहे, तर त्या एका गोळीवर बोलणं झालंच पाहिजे. पहिल्यांदा शांतपणे विचारा, कदाचित आजींनी नंतर घेते म्हणून बाजूला ठेवली असेल. दोन रविवार तसंच दिसलं तर वही भरणं हा नुसता उपचार झाला आहे, हे समजा. मावशींना लिहिता येत नसेल तर खणाशेजारी बरोबरची खूण करायचा कागद चालतो.

७. पैसे, सुट्टी, फोन

हे पटकन उरकता येतं, पण पहिल्या दिवसाआधी. पगार कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, सणाची सुट्टी किती, वाटेत उशीर झाला तर कुणाला फोन, दोघांपैकी कुणालाही काम थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. पगार खात्यावर द्या, दोन्ही बाजूंना पुरावा राहतो. उचल दिली तर वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे, दागिने, एटीएमचा पिन यांच्याशी मावशींचा संबंध येऊच नये अशी घराची मांडणी करा. चोरी झाली की पहिला संशय तिच्यावर जातो, आणि तीन आठवड्यांनी ती बांगडी आजींच्याच उशीच्या अभ्र्यात सापडते. कपाट कुलपात असेल तर ही वेळच येत नाही.

घरखर्चाला थोडे पैसे द्यायचे असतील तर एका पाकिटात ठराविक रक्कम, बिलं त्यातच, आठवड्याला हिशेब.

फोन वापरू नका असा नियम बारा तास कुणी पाळत नाही. ‘आजी चालत असताना, अंघोळीत आणि जेवताना फोन बाजूला’ असं ठरवा. हे पाळलं जातं. घरात कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे तिला सांगा. हॉलमध्ये ठीक. बाथरूममध्ये किंवा कपडे बदलण्याच्या, तिच्या झोपण्याच्या जागी अजिबात नाही.

८. पहिले तीन दिवस

पहिले तीन दिवस घरातलं कुणीतरी रजा घेऊन थांबा. तुम्ही स्वतः काम करू नका, बसून बघा. हातपाय धुऊन आजींना हात लावते का. उठवण्याआधी ‘आजी, आता उठू या हं’ असं सांगते, की न बोलता ओढते. आजी स्वतः घास घेऊ शकत असताना घाईने भरवते का. भरवणं प्रेमाचं वाटतं, पण महिन्याभरात आजींचा हात वर जायचा थांबतो. चांगली आया थांबू शकते.

तिसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर जाऊन या आणि न सांगता परत या. त्याच दिवशी आजींना एकट्याने विचारा, मावशी समोर नसताना.

दारामागे मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा: पत्ता खुणेसह, मुला-सुनेचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, तातडीचा ११२, कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं. आजी पडल्या तर त्यांना उचलायचं नाही, उशी देऊन झाकून आधी फोन करायचा, हेही त्यावर लिहा. घाबरलेलं माणूस पत्ता सांगायलाच विसरतं. तो कागद मावशींकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

९. पुढे काय बघत राहायचं

दंडावर बोटांसारखे काळेनिळे डाग, दोन्ही दंडांवर सारखेच. डायपर दुपारीही सकाळचाच. तुम्ही प्रश्न आजींना विचारता आणि उत्तर प्रत्येक वेळी मावशी देतात. मावशी खोलीत आल्या की आजी बोलायच्या थांबतात. यातलं एक दिसलं म्हणून आरोप करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डाग सहज पडतात. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी रजा घ्या, आजींशी एकट्याने बोला, डॉक्टरांना डाग दाखवा. मारहाण किंवा धमकी असेल तर ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभरची हेल्पलाइन आहे, तिथे सल्लाही मिळतो.

उलट बाजूही बघा. आजोबा मावशींवर ओरडतात, विसरल्यामुळे तिच्यावर चोरीचा आळ घेतात, हे आजारातून होतं हे तिला आधीच सांगून ठेवा, आणि तिच्या बाजूने एकदा तरी आजोबांसमोर बोला.

महिन्याच्या शेवटी कामाचा कागद काढून दोघांनी बसून वाचा. आजी आता वॉकर सोडून काठीवर आल्या असतील, तर अर्धी कामं कमी झाली आणि दुसरी दोन वाढली असतील. कागद खोडून पुन्हा लिहा, तारीख टाका.

मावशी काम सोडतात तेव्हा किल्ली परत घ्या, दाराचा किंवा सोसायटीचा कोड बदला, गेटवरच्या नोंदवहीतून आणि अ‍ॅपमधून नाव काढा, पोलिस ठाण्यातल्या नोंदीत सोडल्याची तारीख कळवा, तिच्या आधारची प्रत फाडून टाका आणि फोनमधला फोटो पुसा. हिशेब त्याच दिवशी चुकता करा. नवीन येणाऱ्या मावशींसोबत जुन्या मावशींना एक दिवस थांबायची विनंती करा आणि त्या दिवसाचा पगार द्या. आजींना कोणत्या कुशीवर झोप लागते, हे वहीत कुणी लिहिलेलं नसतं, ते त्यांनाच माहीत असतं.